बारा जागांची कार्यशाळा आणि तिचे कॅप्शन

छायाचित्रण कार्यशाळेच्या जाहिरातीत एक चित्र असते आणि त्याखाली मजकूर असतो. चित्र पाहून माणूस थांबतो, पण नाव नोंदवायचे की नाही हे तो मजकूर वाचून ठरवतो. याच मजकुराला आता सगळे कॅप्शन म्हणतात. नवशिक्यांच्या कार्यशाळेचे कॅप्शन लिहिणे जास्त अवघड असते, कारण ते वाचणाऱ्याला विषयातले शब्दच माहीत नसतात. जाणकार वाचक ‘मॅन्युअल एक्स्पोजर’ एवढे वाचून काय ते समजतो. दिवाळीत पहिला कॅमेरा घेतलेल्या माणसाला मात्र आपल्याला तिथे जमेल का, हेच कळत नाही.

अशा कॅप्शनला चार गोष्टी सांगायच्या असतात: काय शिकवणार, किती जणांना घेणार, फी किती आणि येताना काय आणायचे. या चारही गोष्टी एकमेकींतून निघतात. अभ्यासक्रम ठरला की कोणता कॅमेरा चालेल हे ठरते, सरावाला किती वेळ आहे त्यावरून जागा ठरतात आणि जागांवरून फी. म्हणून हिशेब आधी मांडावा लागतो. तो न मांडता लिहिलेल्या कॅप्शनमध्ये आकडे सुटे पडतात आणि नेमक्या तिथेच वाचकांचे फोन सुरू होतात.

उदाहरणासाठी पुण्यातली दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ. शनिवारी महात्मा फुले मंडईजवळच्या एका छोट्या सभागृहात वर्ग, रविवारी सकाळी मंडई परिसरात प्रत्यक्ष छायाचित्रण आणि त्यानंतर सभागृहात परत येऊन काढलेल्या फोटोंवर चर्चा. शिकवणारा एक, मदतनीस एक. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची रीत कोणत्याही गावात तीच राहते.

पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा. ‘छायाचित्रणाची संपूर्ण माहिती, बेसिक ते ॲडव्हान्स्ड’ असे लिहिणे सोपे असते आणि बहुतेक ठिकाणी तेच लिहिलेले दिसते. दोन दिवसांत नवशिक्याच्या हाताला खरोखर बसते ते थोडेच: फोटोत किती प्रकाश येतो हे ठरवणाऱ्या तीन गोष्टी, फोकस कुठे ठेवायचा हे आणि समोरच्या दृश्यातले काय चौकटीत घ्यायचे, काय सोडायचे हे. पहिल्या तीन गोष्टी म्हणजे ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ. ॲपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे भोक किती मोठे, शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो आणि आयएसओ म्हणजे आत आलेल्या प्रकाशाचे चित्र कॅमेरा किती उजळून दाखवतो. यातली एक बदलली की तेवढाच उजेड राखण्यासाठी उरलेल्या दोहोंपैकी एक तरी बदलावी लागते. नवशिक्या अडतो तो इथेच. शनिवारची सकाळ यासाठीच जाते, आणि जायलाच हवी.

रविवारची जागाही अभ्यासक्रमाचा भाग म्हणूनच निवडावी लागते. मंडईची निवड तिच्या उजेडामुळे केली आहे. सकाळी नऊच्या उन्हात बाहेर बसलेल्या भाजीवाल्याचा फोटो आयएसओ १०० आणि शटर स्पीड १/२५० ठेवून, ॲपर्चर एफ/८ वर सहज येतो. तिथून माणूस दगडी इमारतीच्या आत गेला की उजेड एकदम पडतो. आत एफ/५.६ आणि १/६० ठेवले तरी आयएसओ १६०० च्या आसपास न्यावा लागतो. म्हणजे पन्नास पावलांत तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात. शनिवारी वहीत लिहून घेतलेले समीकरण रविवारी बोटांना कळते ते यामुळे. टेकडीवर किंवा बागेत सगळीकडे सारखा उजेड असतो. तिथे सकाळभर एकाच मांडणीवर काम चालते आणि शिकायचे ते राहून जाते.

हे कॅप्शनमध्ये आणताना विषयाचे नाव लिहिण्यापेक्षा त्याने काय साधेल ते लिहावे. ‘शटर स्पीड’ या दोन शब्दांतून नवख्याला काहीच कळत नाही. ‘धावती दुचाकी १/५०० ला गोठवणे आणि १/३० ला तिची गती दाखवणे’ असे लिहिले की शब्द नवा असला तरी काम डोळ्यांपुढे येते. ‘ॲपर्चर’ऐवजी ‘चेहरा स्पष्ट आणि मागची गर्दी पुसट कशी करायची’ असे लिहिता येते. मूळ शब्दही सोबत ठेवावा, कारण वर्गात तोच वापरला जाणार आहे.

काय शिकवले जाणार नाही, ही ओळ मात्र बहुतेक कॅप्शनमध्ये नसते. दोन दिवसांत फ्लॅश, स्टुडिओतला प्रकाश, लग्नाचे छायाचित्रण आणि संगणकावरचे एडिटिंग यांपैकी काहीच बसत नाही. हे लिहिल्यामुळे चारदोन नावे कमी होतील, पण कमी होतील ती वर्गात पहिल्याच तासाला ‘लाइटरूम केव्हा घेणार’ असे विचारणाऱ्यांची. आयोजकाने ती ओळ घाबरून गाळली, तर तोच प्रश्न बारा जणांसमोर त्याला तोंडी ऐकावा लागतो.

अभ्यासक्रमातून लगेच पुढचा प्रश्न निघतो: मोबाइल चालेल का? नवशिक्यांच्या कार्यशाळेला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असावा. आयोजक भरवशाने ‘कोणताही कॅमेरा किंवा मोबाइल चालेल’ असे लिहून टाकतात आणि शनिवारी अकरा वाजता अडचण येते. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात ॲपर्चर कायमचे ठरलेले असते, ते बदलताच येत नाही. पार्श्वभूमी पुसट दिसते ती मोबाइल गणिताने करतो, लेन्सने नव्हे. शटर स्पीड आणि आयएसओ अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ मोडमध्ये बदलता येतात. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात ती सोय नाही, वेगळे ॲप घ्यावे लागते. म्हणजे मोबाइल घेऊन आलेल्याचा अर्धा वर्ग केवळ पाहण्यात जातो. यावर उत्तरे दोनच आहेत. एकतर मोबाइलसाठी वेगळी कार्यशाळा घ्यावी, किंवा या कार्यशाळेला मॅन्युअल मोड असलेला डीएसएलआर अथवा मिररलेस कॅमेरा लागेलच, असे स्पष्ट लिहावे. उदाहरणातल्या कार्यशाळेने दुसरे उत्तर निवडले आहे.

जागांचा आकडा सभागृहातल्या खुर्च्यांवरून काढला की हमखास चुकतो. खुर्च्या तीस असू शकतात. आकडा काढायचा तो शिकवणाऱ्याच्या मिनिटांवरून. रविवारचा सराव साडेसात ते दहा, म्हणजे १५० मिनिटे. शिक्षक आणि मदतनीस मिळून १२ जणांना सांभाळत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा जण आणि प्रत्येक सहभागीला २५ मिनिटे येतात. नवख्याचा कॅमेरा हातात घेऊन, त्याची चूक त्याच्याच स्क्रीनवर दाखवून, तोच फोटो पुन्हा काढून घ्यायला एवढा वेळ पुरतो. २० जण घेतले तर तो १५ मिनिटांवर येतो, आणि गर्दीत माणसे शोधण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

खरा अडसर मात्र चर्चेच्या सत्रात असतो. प्रत्येकाने तीन फोटो निवडायचे आणि प्रत्येक फोटोवर तीन मिनिटे बोलायचे, म्हणजे माणशी नऊ मिनिटे. बारा जणांना १०८ मिनिटे लागतात. अकरा ते दीड या अडीच तासांत ती बसतात आणि कार्डावरून फोटो उतरवून ते निवडायला ४२ मिनिटे उरतात. २० जणांना १८० मिनिटे लागतील, म्हणजे सत्राच्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त. मग शेवटच्या पाच-सहा जणांचे फोटो ‘छान आहे, पुढचा’ एवढ्यावर निघतात, आणि कुरकुर सुरू होते ती त्यांचीच. बारा हा आकडा असा येतो. कॅप्शनमध्ये नुसते ‘मर्यादित जागा’ लिहिले की ते विक्रीची युक्ती वाटते. ‘१२ जागा, कारण प्रत्येकाच्या तीन फोटोंवर चर्चा होणार’ असे लिहिले की त्याच आकड्याचे कारण वाचकाला समजते.

आता फी. खर्च दोन प्रकारचा असतो. एक खर्च माणसे कितीही आली तरी तेवढाच राहतो, दुसरा माणशी वाढतो. समजा सभागृहाचे भाडे ६,०००, शिक्षकाचे मानधन १२,०००, मदतनीसाचे ४,००० आणि प्रोजेक्टर व किरकोळ मिळून २,००० रुपये आहे. हा ठरलेला खर्च झाला २४,०००. शनिवारचे जेवण, रविवारचा नाश्ता, चहा आणि छापील टिपणे यांचे माणशी ६०० धरू. बारा जण आले तर माणशी २,००० अधिक ६००, म्हणजे २,६०० रुपयांत भागते. नवे आयोजक हाच आकडा छापतात आणि नंतर फसतात, कारण बारापैकी बारा येतीलच असे नसते. नऊच जण आले तर ठरलेल्या खर्चाचा माणशी वाटा २,६६७ रुपयांवर जातो आणि एकूण खर्च ३,२६७ होतो. म्हणून फी नऊ जणांचा हिशेब धरून ३,३०० ठेवावी. नऊ आले तर तोटा होत नाही, आणि बारा आले तर ८,४०० रुपये उरतात. त्यातच आयोजकाची मेहनत आणि पुढच्या खेपेची तजवीज.

फीच्या आकड्याशेजारी तीत काय धरले आहे हे लिहावे लागते. जेवण आहे का, टिपणे आहेत का, कॅमेरा भाड्याने मिळणार का? आयोजक जीएसटी नोंदणीकृत असेल तर छापलेली फी कर धरून आहे की कर वेगळा, हेही एका शब्दात सांगावे. शेवटच्या पानावर अठरा टक्के वाढलेले पाहून माणूस चिडतो, आणि त्याचे चिडणे योग्यच असते. ‘फीसाठी मेसेज करा’ हे तर टाळावेच. परवडेल की नाही हे मनातल्या मनात ठरवायची वाचकाची सोय त्याने जाते, आणि अनेक जण विचारतच नाहीत.

येताना काय आणायचे, ही यादी बारीकसारीक वाटते, पण वर्गाचा पहिला तास सुरळीत जाणार की नाही हे तीच ठरवते. नवशिक्याचे कार्ड हमखास घरच्या लॅपटॉपमध्ये राहून जाते. बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावायची राहते. कार्डात सहलीचे दोन हजार फोटो असतात आणि दहाव्या फोटोला ‘कार्ड फुल’ दिसते. लेन्सवरचे बटण घरी कुणीतरी ‘एमएफ’वर सरकवलेले असते आणि माणूस समजतो की कॅमेरा बिघडला. शेवटची अडचण वर्गात सुटते. आधीच्या तीन मात्र घरीच सोडवाव्या लागतात, म्हणून त्या कॅप्शनमध्ये हव्यात. ‘मेमरी कार्ड’ एवढेच न लिहिता ‘रिकामे कार्ड, ३२ जीबी पुरे’ असे लिहावे. ‘बॅटरी’ऐवजी ‘रात्रभर चार्ज केलेली बॅटरी आणि चार्जर’. फोटो पडद्यावर दाखवायचे असल्याने कार्ड रीडर किंवा कॅमेऱ्याची केबलही लागते. ती सगळ्यांकडे असेलच असे नाही, तेव्हा मदतनीसाजवळ एक-दोन जास्तीचे रीडर असावेत.

काय आणू नये, हेही तितकेच कामाचे. मंडईच्या गर्दीत ट्रायपॉड उभा केला की भाजी घ्यायला आलेल्यांच्या पायात येतो, आणि हातात कॅमेरा धरून स्थिर कसा ठेवायचा हे शिकायचे राहते. जवळच्या शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूत तर ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. महागड्या लेन्सचीही गरज नसते. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स दोन दिवसांना पुरते, ही ओळ यादीत असली तर कार्यशाळेपूर्वी घाईने दुकानात जाणारे वाचतात.

आता मांडणी. मोबाइलवर मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा दुमडला जातो. म्हणून काय, कुठे, केव्हा, किती जागा, किती फी, ही माहिती वर यायला हवी. सुरुवातीच्या ‘आयुष्य म्हणजे क्षणांचा अल्बम’ छापाच्या वाक्याने नेमकी तीच जागा खाल्ली जाते. शिवाय मजकूर एका गटातून दुसऱ्या गटात जाताना चित्रापासून सुटतो. तेव्हा तारीख, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक चित्रावर असला तरी मजकुरात पुन्हा लिहावा. तारखेत वार आणि साल दोन्ही असावे, कारण ‘येत्या रविवारी’ हे शब्द तीन आठवड्यांनी पुढे पाठवले तरी तसेच राहतात. इन्स्टाग्रामवर एका कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. वरचा सगळा ऐवज तिच्या निम्म्यात बसतो.

हे सगळे एकत्र केले की कॅप्शन असे दिसते:

नवशिक्यांसाठी छायाचित्रण कार्यशाळा, मंडईजवळ, पुणे
शनिवार ५ आणि रविवार ६ डिसेंबर २०२६. १२ जागा. फी ३,३०० रुपये.

कॅमेरा आहे, पण तो कायम ‘ऑटो’वरच असतो, अशांसाठी. आधीची माहिती लागत नाही.

शनिवार, १० ते ५ (सभागृह): ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ एकमेकांशी कसे जुळवायचे, चेहरा स्पष्ट आणि मागची गर्दी पुसट कशी करायची, फोकस कुठे ठेवायचा, चौकटीत काय घ्यायचे, काय सोडायचे.
रविवार, सकाळी ७.३० ते दुपारी १.३०: मंडईत सराव. बाहेरचे ऊन, आतला कमी उजेड, धावती दुचाकी. नाश्त्यानंतर प्रत्येकाच्या तीन फोटोंवर चर्चा. जागा १२ च आहेत त्या यामुळे.
शिकवले जाणार नाही: फ्लॅश, लग्नाचे छायाचित्रण, संगणकावरचे एडिटिंग.

आणायचे: मॅन्युअल मोड असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, सोबत मिळालेली लेन्स, रात्रभर चार्ज केलेली बॅटरी आणि चार्जर, रिकामे ३२ जीबी कार्ड, कार्ड रीडर किंवा केबल, वही, पाण्याची बाटली, चालायचे बूट.
नको: ट्रायपॉड, नवी लेन्स. या कार्यशाळेला मोबाइल पुरणार नाही.

फीमध्ये: शनिवारचे जेवण, रविवारचा नाश्ता, चहा, छापील टिपणे. कर धरून. कॅमेरा भाड्याने मिळणार नाही.
नाव फी भरल्यावरच नक्की. २८ नोव्हेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी परत.

याखाली पूर्ण पत्ता, नोंदणीचा क्रमांक आणि शिकवणाऱ्याचे नाव येते. नावासोबत त्याच्या कामाची एक ओळ पुरते. ‘सुप्रसिद्ध’ हे विशेषण लावले की वाचकाला शंकाच येते. या मजकुरात विशेषणे जवळजवळ नाहीत आणि एकही उद्गारचिन्ह नाही, तरी तो कोरडा वाटत नाही. मंडई, दुचाकी, पुसट गर्दी हे सगळे वाचताना दिसते, म्हणून.

कॅप्शन जमले की नाही, हे येणाऱ्या फोनवरून कळते. लोक ‘मोबाइल चालेल का’, ‘जेवण आहे का’, ‘मला काहीच येत नाही, चालेल का’ असे विचारू लागले तर त्यांची उत्तरे मजकुरात नाहीत, किंवा आहेत पण फार खाली आहेत. एकच प्रश्न तिघांनी विचारला की ती ओळ वर उचलावी. ‘पार्किंग कुठे’, ‘सोळा वर्षांचा मुलगा येऊ शकेल का’ असे प्रश्न आले तर चूक झाली असे समजू नये. विचारणारा यायचे ठरवूनच बोलत असतो. त्यातही मुलाचा प्रश्न वारंवार आला, तर वयाची अट एका ओळीत घालणे बरे.

मंडईतल्या सरावाची एक बाजू कॅप्शनमध्ये मावत नाही. तिथली माणसे पहाटेपासून कामात असतात आणि बारा कॅमेरे एकदम आपल्याकडे वळलेले कुणालाच आवडत नाहीत. दोघा-तिघांच्या गटाने फिरायचे, फोटो काढण्याआधी विचारायचे आणि नको म्हटले तर पुढे जायचे, हे नोंदणीनंतर पाठवायच्या सूचनांमध्ये लिहावे. सहभागींचे फोटो पुढच्या जाहिरातीत वापरायचे असतील तर त्यांची संमतीही याच वेळी घेऊन ठेवावी.

बाराव्या व्यक्तीची फी आली की दुसऱ्या ओळीतल्या ‘१२ जागा’च्या ठिकाणी ‘जागा भरल्या, प्रतीक्षा यादी सुरू’ असे येते. बाकीचा मजकूर तसाच राहतो. २८ नोव्हेंबरनंतर कुणी रद्द केले तर ती जागा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यावी आणि त्याची फी जमा झाल्यावर रद्द करणाऱ्याचे पैसे परत करावेत. ती जागा कुणी घेतलीच नाही, तर फी परत मिळणार नाही, हेही नोंदणी करतानाच सांगितलेले असावे.